प्रश्नातले तीन शब्द
(कोसोवोचे घोषणापत्र आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत : एक वाचन)

१७ फेब्रुवारी २००८ रोजी प्रिश्टिना येथे कोसोवोच्या १२० सदस्यांच्या विधानसभेतील १०९ सदस्य एकत्र आले आणि आपला देश स्वतंत्र व सार्वभौम झाल्याचे त्यांनी जाहीर केले. सर्ब समाजाचे दहा आणि गोरानी समाजाचा एक असे अकरा सदस्य या बैठकीकडे फिरकले नाहीत. विधानसभेचे सदस्य नसलेले राष्ट्राध्यक्ष मात्र हजर होते. घोषणापत्र पपायरसच्या दोन पानांवर लिहिलेले होते. ते वाचून दाखवण्यात आले, मताला टाकण्यात आले आणि हजर असलेल्या सर्व प्रतिनिधींनी त्याखाली सह्या केल्या. हे तपशील मी वर्तमानपत्रातून घेतलेले नाहीत. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २२ जुलै २०१० रोजी दिलेल्या सल्लागार मतात ते नोंदलेले आहेत, आणि तेथे ते हौसेने आलेले नाहीत. सह्या कुणी केल्या आणि पाने कसली होती यावर त्या मताचा बराच भार आहे.

मी वकील नाही. कायदा कोणत्याही महाविद्यालयात शिकलेलो नाही. जुन्या कागदांच्या दोन प्रती शेजारी ठेवून फरक टिपण्याची सवय लागली आणि त्या सवयीतून निकालपत्रे वाचू लागलो. या मताबद्दल आपल्याकडे दोन समजुती आढळतात. पहिली अशी की न्यायालयाने कोसोवोचे स्वातंत्र्य मान्य केले. दुसरी अशी की एखाद्या प्रदेशाला देशातून फुटून निघण्याचा हक्क आहे असे न्यायालयाने सांगितले. या दोन्ही गोष्टी त्या मतात नाहीत. मग आहे काय, हे समजण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे न्यायालयाला विचारलेला प्रश्न आणि त्याने दिलेले उत्तर एकाखाली एक लिहून पाहणे. या दोन वाक्यांमध्ये तीन शब्द बदललेले आहेत, आणि माझ्या मते सारे मत त्या बदलांतच आहे.

प्रश्न

आधी थोडी पार्श्वभूमी. युगोस्लाव्हियाच्या १९७४ च्या घटनेने कोसोवोला सर्बियाअंतर्गत मोठी स्वायत्तता दिली होती, पण क्रोएशिया किंवा स्लोव्हेनियासारखे प्रजासत्ताकाचे स्थान दिले नव्हते. १९८९ मध्ये स्लोबोदान मिलोशेविच यांच्या काळात ती स्वायत्तताही काढून घेण्यात आली. तेथील बहुसंख्य अल्बेनियन समाजावर दडपशाही सुरू झाली आणि १९९८-९९ मध्ये युद्ध पेटले. ‘नाटो’च्या बॉम्बहल्ल्यांनंतर १० जून १९९९ रोजी सुरक्षा परिषदेने १२४४ क्रमांकाचा ठराव केला. त्याने कोसोवोचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या हाती दिला आणि अंतिम दर्जा पुढे राजकीय प्रक्रियेतून ठरेल असे म्हटले. युगोस्लाव्हियाच्या प्रादेशिक अखंडतेशी बांधिलकीही त्याच ठरावात आहे. २००१ मध्ये महासचिवांच्या विशेष प्रतिनिधींनी एक ‘घटनात्मक चौकट’ लागू केली आणि तिच्यातून ‘स्वशासनाच्या हंगामी संस्था’ उभ्या राहिल्या. निवडून आलेली विधानसभा ही त्यांपैकीच एक. अंतिम दर्जाची बोलणी निष्फळ ठरली. मार्टी अहतिसारी यांनी २००७ मध्ये सुचवलेल्या देखरेखीखालील स्वातंत्र्याला रशियाच्या विरोधामुळे सुरक्षा परिषदेची मान्यता मिळाली नाही. त्यानंतर ही घोषणा झाली.

सर्बियाने लढाई मैदानातून न्यायालयाकडे नेली. त्याच्या पुढाकाराने ८ ऑक्टोबर २००८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ७७ विरुद्ध ६ मतांनी न्यायालयाचे मत मागितले. ७४ देश तटस्थ राहिले. प्रश्न एका वाक्याचा होता : कोसोवोच्या स्वशासनाच्या हंगामी संस्थांनी केलेली स्वातंत्र्याची एकतर्फी घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याशी सुसंगत आहे काय?

न्यायालयाचे उत्तर दहा विरुद्ध चार मतांनी आले. १७ फेब्रुवारी २००८ रोजी संमत झालेल्या कोसोवोच्या स्वातंत्र्याच्या घोषणेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग केलेला नाही, असे त्याने म्हटले.

आता वाक्ये ताडून पाहा. ‘सुसंगत आहे काय’ याच्या जागी ‘भंग केलेला नाही’ आले. ‘एकतर्फी’ गळाले. आणि ‘स्वशासनाच्या हंगामी संस्थांनी’ हा कर्ताच नाहीसा झाला. गंमत अशी की प्रश्न स्पष्ट आहे, त्याची फेरमांडणी करण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने आरंभीच सांगितले होते.

सुसंगत आणि भंग

पहिला बदल वरवर शाब्दिक वाटतो. एखादी गोष्ट कायद्याशी सुसंगत आहे म्हणताना कायद्यात तिला आधार आहे असा अर्थ निघू शकतो. कायद्याचा भंग झाला नाही म्हणताना फक्त एवढेच कळते की कायद्याने तिला मनाई केलेली नव्हती. आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून ‘हे शेत माझे’ असे ओरडलो तर तो गुन्हा होत नाही. पण त्याने शेत आपले होत नाही आणि सातबाऱ्यावर नावही चढत नाही.

न्यायालयाने हा फरक स्वतःच नोंदवला आहे. एखादी कृती कायद्याचा भंग न करणारी असू शकते, पण म्हणून ती कायद्याने दिलेल्या हक्काचा वापर ठरत नाही, असे ते म्हणते. घोषणेचे कायदेशीर परिणाम काय, कोसोवो राज्य झाले का, ज्या देशांनी त्याला मान्यता दिली त्यांचे बरोबर का चूक, यांपैकी काहीच आपल्याला विचारलेले नाही, असे सांगून त्याने ते सारे दार बंद केले. प्रादेशिक अखंडतेच्या तत्त्वाबद्दलही त्याची भूमिका अशीच अरुंद आहे. ते तत्त्व एका राज्याने दुसऱ्या राज्याशी कसे वागावे यापुरते आहे. राज्याच्या आत राहणारे लोक काय जाहीर करतात, त्याला ते लागू होत नाही.

याच्या शेजारी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचे २० ऑगस्ट १९९८ चे क्वेबेकविषयीचे मत ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. १९९५ च्या सार्वमतात क्वेबेकने वेगळे होण्याच्या विरोधात जेमतेम ५०.५८ टक्के मते दिली होती. त्यानंतर सरकारने न्यायालयाला विचारले की एकतर्फी वेगळे होण्याचा हक्क क्वेबेकला आहे काय. तेथे ‘हक्क’ हाच शब्द होता, म्हणून उत्तरही हक्काबद्दल आले. लोकांना स्वयंनिर्णयाचा अधिकार सामान्यतः आपल्या राज्याच्या आत राहूनच मिळतो : प्रतिनिधित्व, भाषा, संस्कृती, स्वायत्तता यांतून. राज्याबाहेर पडण्याचा अधिकार वसाहतीतील आणि परकीय ताब्यातील लोकांना आहे. ज्यांना राज्याच्या आत काहीच मिळू दिले जात नाही अशांनाही तो कदाचित असेल, पण क्वेबेकचे लोक त्या स्थितीत नाहीत. मात्र स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळाले, तर उरलेल्या कॅनडाला वाटाघाटींना बसावे लागेल. म्हणजे एका बाजूला ‘एकतर्फी नाही’ आणि दुसऱ्या बाजूला ‘दुर्लक्षही नाही’.

हेगच्या न्यायालयाने कॅनडाचा दाखला वाचला आणि बाजूला ठेवला. तेथे हक्काचा प्रश्न होता, आपल्यापुढे तो नाही, असे कारण दिले. राज्याच्या आत असह्य छळ झालेल्या लोकांना शेवटचा उपाय म्हणून वेगळे होता येते काय, या मुद्द्यावर अनेक देशांनी परस्परविरोधी लेखी म्हणणी मांडली होती. न्यायालयाने मतभेद आहेत एवढे नोंदवले आणि पुढे गेले. निकालाच्या बाजूने मत देणारे न्यायमूर्ती ब्रुनो सिम्मा यांनी वेगळ्या निवेदनात यावरच बोट ठेवले. मनाई नाही म्हणजे चालते, ही विचारपद्धती जुनाट आहे, असे त्यांचे म्हणणे. एखाद्या कृतीबाबत कायदा हेतुपुरस्सर तटस्थ असू शकतो, तिला नुसती सहन करू शकतो किंवा तिला आधार देऊ शकतो. या पायऱ्या न्यायालयाने तपासायला हव्या होत्या. मला ही टीका सर्वांत नेमकी वाटते, कारण ती निकाल उलटवत नाही, फक्त उरलेले काम दाखवते.

एकतर्फी

दुसरा शब्द ‘एकतर्फी’. तो गळाला हे न्यायालयाच्या विवेचनाला धरून आहे. सुरक्षा परिषदेने यापूर्वी काही घोषणांचा निषेध केलेला आहे : १९६५ मध्ये दक्षिण ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारची, १९८३ मध्ये उत्तर सायप्रसची, १९९२ मध्ये बोस्नियातील सर्ब प्रजासत्ताकाची. एकतर्फी घोषणा बेकायदा असते असे सुचवण्यासाठी सर्बियाच्या बाजूने हे दाखले पुढे केले गेले होते. न्यायालयाने ते एकेक पाहून वेगळा निष्कर्ष काढला. त्या घोषणा एकतर्फी होत्या म्हणून बेकायदा ठरल्या नाहीत. त्यांच्यामागे बेकायदा बळाचा वापर होता, किंवा कोणत्याही परिस्थितीत मोडता येत नाहीत अशा मूलभूत नियमांचे गंभीर उल्लंघन होते. बेकायदेशीरपणा शब्दांतून आला नाही. शब्दांमागच्या कृत्यातून आला.

संपूर्ण मतातला हा परिच्छेद, क्रमांक ८१, मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. कारण त्यात एक कसोटी आहे. घोषणा हाती आली की तिचे शब्द नंतर वाचावेत. आधी पाहावे की ती कुणाच्या बंदुकांच्या सावलीत झाली, आणि त्या बंदुका तिथे कायद्याने आल्या होत्या का.

‘आम्ही’ आणि ‘ती’

तिसरा बदल कर्त्याचा, आणि इथे न्यायालय चक्क पाठचिकित्सा करू लागते.

अडचण अशी होती. घोषणा हंगामी विधानसभेने केली असे धरले, तर ती विधानसभा घटनात्मक चौकटीने बांधलेली होती. परराष्ट्र संबंध आणि अंतिम दर्जा यांबाबतचे अधिकार तिच्याकडे नव्हते. ही चौकट संयुक्त राष्ट्रांनी लागू केलेली, म्हणून न्यायालयाच्या मते तीही आंतरराष्ट्रीय कायद्याचाच भाग होती. मग विधानसभेने आपली मर्यादा ओलांडली असे म्हणावे लागले असते आणि उत्तर बदलले असते.

म्हणून न्यायालयाने विचारले की कर्ता खरोखर विधानसभाच होती काय. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी पाठवलेल्या इंग्रजी आणि फ्रेंच अनुवादांच्या शिरोभागी ‘कोसोवोची विधानसभा’ असे शब्द होते. पण एकमेव अधिकृत असलेल्या अल्बेनियन मूळ पाठात ते नव्हते. दुसरे, विधानसभेचे कायदे तृतीय पुरुषी एकवचनात लिहिले जात : विधानसभा असे असे संमत करते. घोषणापत्राची सुरुवात मात्र ‘आम्ही’ने होते : आम्ही, आमच्या लोकांनी लोकशाही मार्गाने निवडलेले नेते. तिसरे, ती नेहमीप्रमाणे विशेष प्रतिनिधींकडे पाठवली गेली नाही आणि राजपत्रात छापली गेली नाही. राष्ट्राध्यक्ष सदस्य नसूनही त्यांनी सही केली. चौथे, २००२ ते २००५ या काळात विधानसभेने स्वातंत्र्याच्या दिशेने पावले टाकली तेव्हा विशेष प्रतिनिधींनी ती चौकटीबाहेरची ठरवली होती. या वेळी ते गप्प राहिले. यावरून न्यायालयाने ठरवले की हे लोक विधानसभा म्हणून नव्हे, तर त्या चौकटीच्या बाहेर उभे राहून कोसोवोच्या जनतेचे प्रतिनिधी म्हणून बोलत होते. चौकट त्यांना लागू नव्हती, म्हणून ती मोडलीही नाही.

मूळ पाठाकडे जाणे, अनुवादकाने घातलेला मथळा ओळखणे, पुरुष आणि वचन पाहणे हे सारे जुन्या कागदांवर काम करणाऱ्या माणसाला आवडेल असे आहे. म्हणूनच मी अधिक सावध होतो. पाठचिकित्सेत शैलीचा पुरावा एकटा कधी पुरत नाही. बाहेरचा पुरावाही जुळावा लागतो, आणि इथे तो जुळत नाही. बैठक विधानसभेची विशेष बैठक म्हणूनच बोलावलेली होती. अध्यक्षस्थानी विधानसभेचे अध्यक्ष होते. महासचिवांच्या अहवालात विधानसभेने घोषणा संमत केली असेच म्हटले होते आणि आमसभेने प्रश्न विचारतानाही तेच गृहीत धरले होते. न्यायालयाचे उपाध्यक्ष पीटर टोमका यांनी आपल्या विरोधी निवेदनात हे सारे मांडून कर्त्याबद्दलच्या या निष्कर्षाला मागाहून रचलेली बौद्धिक कल्पना ठरवले. न्यायमूर्ती लिओनिद स्कोत्निकोव्ह यांचा आक्षेप अधिक साधा आहे. चौकटीने बांधलेली माणसे ‘आम्ही चौकटीबाहेर आहोत’ एवढे म्हणून सुटत असतील, तर चौकट बांधते कुणाला?

माझा आक्षेप याहून थोडा वेगळा आहे. न्यायालयाचे पहिले आणि तिसरे पाऊल एकमेकांच्या विरुद्ध दिशेने पडते. पहिल्या पावलात घोषणा म्हणजे केवळ शब्द आहेत. त्यांचे परिणाम पाहायचे नाहीत, म्हणून त्यांना मनाईही नाही. तिसऱ्या पावलात तेच शब्द इतके समर्थ होतात की ते उच्चारणारी माणसे एका क्षणात एका कायदेव्यवस्थेतून बाहेर पडतात आणि जनतेच्या नावाने बोलू लागतात. शब्द पोकळ असतील तर कर्ता शोधण्यासाठी इतके श्रम नकोत. ते भरीव असतील तर जनतेच्या नावाने बोलण्याचा अधिकार कुठून येतो, याचे उत्तर द्यायला हवे होते. ते उत्तर स्वयंनिर्णयाच्या चर्चेतच मिळाले असते, आणि ती चर्चा न्यायालयाने पहिल्याच पावलात टाळलेली होती.

न्यायालयाची बाजूही समजून घ्यायला हवी. हे सल्लागार मत होते, बंधनकारक निकाल नव्हे. हक्क आहे म्हटले असते तर जगातील प्रत्येक असंतुष्ट प्रदेशाला ते प्रमाणपत्र वाटले असते. नाही म्हटले असते तर १९९९ नंतर सर्बियाच्या राज्याखाली परत जायला तयार नसलेल्या बहुसंख्य लोकांना न्यायालयाने माघारी ढकलल्यासारखे झाले असते. अरुंद उत्तर हा दोन धोक्यांमधला सुरक्षित बोळ होता. पण तो बोळ आपल्यापुरता आहे असे न्यायालयाला वाटले, तरी त्यातून पुढे इतरही गेले.

क्रायमिया

११ मार्च २०१४ रोजी क्रायमियाची विधानसभा आणि सेवास्तोपोलची नगर परिषद यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली. त्या घोषणेत २२ जुलै २०१० च्या या मताचा तारखेसह उल्लेख आहे : देशाच्या एका भागाने केलेली एकतर्फी घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग करत नाही, असे न्यायालयाने सांगितल्याचे. पाच दिवसांनी सार्वमत झाले आणि १८ मार्चला क्रायमिया रशियात सामील करून घेण्याच्या करारावर सह्या झाल्या. ‘स्वतंत्र’ क्रायमियाचे आयुष्य आठवड्याभराचे ठरले.

न्यायालयाने कोसोवोच्या एका विशिष्ट घोषणेबद्दल बोलताना वगळलेला ‘एकतर्फी’ हा शब्द इथे परत आला, तोही सर्वसाधारण नियम म्हणून. जे गळाले ते परिच्छेद ८१. त्या वेळी द्वीपकल्पावरील महत्त्वाची ठिकाणे रशियन सैनिकांच्या ताब्यात होती. म्हणजे मताचा तो एक परिच्छेद वाचला असता, तर क्रायमियाची घोषणा कोसोवोच्या नव्हे, उत्तर सायप्रसच्या रांगेत बसली असती. आणखी एक विसंगती आहे. कोसोवोच्या प्रकरणात रशियाने न्यायालयापुढे सर्बियाची बाजू घेतली होती. लोकांचे अस्तित्वच धोक्यात आणणाऱ्या सशस्त्र हल्ल्यासारख्या टोकाच्या परिस्थितीतच वेगळे होणे समर्थनीय ठरू शकते, असे त्याचे लेखी म्हणणे होते. क्रायमियात असा कोणताही हल्ला झालेला नव्हता.

तरीही सारा दोष उद्धृत करणाऱ्यांवर टाकून मोकळे होता येत नाही. छळलेल्या लोकांना शेवटचा उपाय आहे की नाही आणि असल्यास कोणत्या अटींवर, हे न्यायालयाने सांगितले असते, तर क्रायमियाला त्या अटी दाखवता आल्या असत्या आणि त्यात ती नापास झाली असती. अटीच न लिहिल्यामुळे ‘भंग नाही’ एवढे दोन शब्द उचलणे सोपे गेले.

भारताची दोन वाक्ये

या साऱ्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. १० एप्रिल १९७१ रोजी बांगलादेशाच्या निर्वाचित प्रतिनिधींनी मुजीबनगर येथून स्वातंत्र्याची घोषणा जारी केली. तेथेही निवडून आलेली माणसे अस्तित्वातील व्यवस्थेबाहेर उभी राहून जनतेच्या नावाने बोलत होती. ६ डिसेंबर १९७१ रोजी भारताने त्या देशाला मान्यता दिली. बरोबर आठ वर्षांनी, १० एप्रिल १९७९ रोजी, नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील होताना भारताने एक निवेदन जोडले. करारातील स्वयंनिर्णयाचा अधिकार फक्त परकीय सत्तेखाली असलेल्या लोकांना आहे. सार्वभौम राज्यांना किंवा त्यांतील एखाद्या जनविभागाला तो लागू नाही. नेदरलँड्स, फ्रान्स आणि जर्मनी यांनी या निवेदनावर हरकत घेतली. कोसोवोला भारताने आजही मान्यता दिलेली नाही.

ही दोन वाक्ये एकत्र वाचली तर भारताची भूमिका ढोंगी आहे असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते घाईचे वाटते. आपल्या मराठीतही एकाच घटनेला ‘फुटून निघणे’ आणि ‘मुक्त होणे’ असे दोन शब्द आहेत. कोणता वापरायचा हे आपण निकाल लागण्याआधीच ठरवतो. १९७१ मध्ये आपण दुसरा वापरला आणि १९७९ मध्ये पहिल्याला कायद्याचे रूप दिले. या दोन शब्दांमध्ये रेघ कुठे ओढायची, हाच तो प्रश्न आहे. कॅनडाच्या न्यायालयाने आपल्या देशापुरता त्याचा एक नकाशा काढला. हेगच्या न्यायालयापुढे तो जगासाठी काढण्याची संधी आली होती आणि त्याने कागद कोरा ठेवला.

तो कोरा कागद आता राज्ये आपापल्या सोयीने भरतात. सुमारे शंभर देशांच्या लेखी कोसोवो देश आहे. सर्बिया, भारत, स्पेन यांच्या लेखी नाही. संयुक्त राष्ट्रांत त्याला जागा नाही. घोषणा बेकायदा नव्हती हे त्याला २०१० मध्ये कळले. ती कायदेशीर होती का, हे त्याला अजून कुणी सांगितलेले नाही.